शाईच्या ठिपक्याची साक्ष



शाळेंत हा विषय शिकवितांना मी भिंतीवर चार स्लाइड दाखवीत असें. पहिल्या चित्रांत कागदाच्या पट्टीवर एक काळा ठिपका. दुसऱ्यांत ती पट्टी पाण्याच्या पेल्यांत उभी केलेली. तिसऱ्यांत त्या एका काळ्या ठिपक्याचे वेगवेगळे तीन रंग झालेले. आणि चौथ्यांत त्या रंगांशेजारीं एक मोजपट्टी ठेवलेली. तिसरें चित्र पाहून मुलें आश्चर्यानें ओरडत आणि चौथें येतांच जांभया देत. वास्तविक या प्रयोगाचा सारा अर्थ त्या चौथ्या चित्रांत आहे. तें चित्र मला स्वतःलाच नीट वाचतां येत नव्हतें, ही गोष्ट मात्र एका निरपराध मुलावर आळ घेतल्यानंतर माझ्या लक्षांत आली. ती हकीकत मी पुढें सांगणारच आहे. येथें माझ्यासमोर पडदा नाहीं, केवळ ध्वनिक्षेपक आहे. तेव्हां हीं चार चित्रें मला शब्दांनींच आपल्यापुढें उभीं करावीं लागतील.

पहिलें चित्र पट्टीचें. प्रयोगशाळेंत द्रव गाळण्याकरितां जो पांढरा, खरखरीत कागद वापरतात त्याची सुमारें ३ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब पट्टी कापावी. खालच्या कडेपासून २ सेंटिमीटर अंतरावर एक आडवी रेघ ओढावी. ही रेघ शिसपेन्सिलीनेंच ओढली पाहिजे. कारण शिसें पाण्यांत विरघळत नाहीं व जागेवरून हलत नाहीं. शाईनें रेघ ओढणाऱ्या विद्यार्थ्याची रेघच रंगीबेरंगी होऊन वर चालूं लागते, आणि मग मोजावयाचें कोठून, हा प्रश्न पडतो. रेघेच्या मधोमध काळ्या स्केचपेनचा एक बारीक ठिपका द्यावा. तो दोन-तीन मिलिमीटरांहून मोठा नसावा. रंग गडद हवा असल्यास ठिपका वाळूं द्यावा आणि त्याच जागीं पुन्हां पेन टेकवावें. एकदम भरपूर शाई ओतल्यास ठिपक्याचे रंग वर चढतांना मागें लांब शेंपूट सोडतात आणि एकमेकांत मिसळतात.

दुसरें चित्र पेल्याचें. पेल्याच्या तळाशीं जेमतेम १ सेंटिमीटर पाणी घ्यावें आणि पट्टी त्यांत अशी टांगावी कीं तिचें खालचें टोंक बुडेल, परंतु पेन्सिलीची रेघ व ठिपका पाण्याच्या वरच राहील. ठिपकाच जर बुडाला, तर शाई पेल्यांतील पाण्यांत उतरते आणि प्रयोग तेथेंच संपतो. पट्टी पेल्याच्या कांचेस चिकटूं नये आणि तिरकी लोंबूं नये. तिरकी झाल्यास पाणीही तिरकेंच चढतें. पेल्यावर झांकण ठेवावें, म्हणजे आंतील हवा ओलसर राहून चढणारें पाणी वाटेंतच सुकत नाहीं.

आतां तिसरें चित्र. दिव्याच्या वातींत जसें तेल चढतें तसें कागदाच्या तंतूंतून पाणी वर चढूं लागतें. तें ठिपक्यापाशीं पोहोंचतें, शाईस आपल्याबरोबर घेतें, आणि पाहतां पाहतां त्या काळ्या शाईंतून एक निळा, एक पिवळा आणि एक तांबूस असे ठिपके एकाखालीं एक वेगळे होतात. शाईवाल्यानें काळा रंग म्हणून वस्तुतः तीन रंगांचें मिश्रण बाटलींत भरलेलें असतें. पाण्यानें कोणताही नवा रंग निर्माण केला नाहीं. एकत्र असलेल्यांस त्यानें फक्त वेगळें केलें.

हें वेगळें होणें कसें घडतें? एखाद्या बाजाराच्या दिवशीं पेठेंतून माणसांचा लोंढा एका चालीनें पुढें जात आहे, अशी कल्पना करा. दोन मित्र एकाच क्षणीं त्या लोंढ्यांत शिरले. लोंढ्यांत असेपर्यंत दोघांची चाल एकच आहे. परंतु एकास प्रत्येक दुकानापाशीं थांबून माल पाहण्याची संवय आहे, तर दुसरा क्वचितच थांबतो. घटकाभरानें पाहिलें तर न थांबणारा लोंढ्याच्या तोंडाजवळ असेल आणि थांबणारा बराच मागें राहिलेला असेल. कागदाचे तंतू हीं दुकानें, वर चढणारें पाणी हा लोंढा. प्रत्येक रंगाचे कण कांहीं काळ तंतूस धरून स्वस्थ बसतात आणि कांहीं काळ पाण्यांत राहून त्याच्याबरोबर जातात. ज्याला तंतूंची ओढ अधिक तो मागें राहतो. ज्याला पाण्याची ओढ अधिक तो पुढें जातो.

याच दृष्टान्तांत चौथ्या चित्राची किल्ली आहे. जो मनुष्य निम्मा वेळ दुकानांत आणि निम्मा वेळ लोंढ्यांत काढील, तो लोंढ्याच्या निम्मेंच अंतर जाईल. लोंढा एक मैल गेला असो वा दोन मैल, याचें प्रमाण निम्मेंच राहील. म्हणून रंगाची ओळख तो किती सेंटिमीटर चढला यावरून पटत नाहीं; पाणी जितकें चढलें त्याचा कितवा भाग तो चढला, यावरून पटते. रंगानें चढलेल्या अंतरास पाण्यानें चढलेल्या अंतरानें भागलें म्हणजे जो अपूर्णांक येतो त्यास इंग्रजींत आर-एफ असें नांव आहे; आपण त्यास धारणांक म्हणूं. तो शून्याहून कमी आणि एकाहून अधिक कधींच येत नाहीं, कारण पाण्याच्या पुढें जाणें कोणत्याच रंगास शक्य नाहीं. एखाद्या मुलाच्या वहींत १.२ असें उत्तर दिसलें, कीं त्यानें भागाकार उलटा केला किंवा पाण्याची शींव चुकीची धरली, असें खुशाल समजावें.

मोजण्याच्या वेळीं दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली ही, कीं दोन्ही अंतरें पेन्सिलीच्या रेघेपासून मोजावीं, पट्टीच्या कडेपासून नव्हे. कारण शर्यत रेघेपासून सुरू झाली आहे. रंगाचें अंतर त्याच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत धरावें. दुसरी गोष्ट अशी, कीं पाणी पट्टीच्या वरच्या टोंकापासून १ सेंटिमीटर खालीं असतांनाच पट्टी बाहेर काढावी आणि त्याच क्षणीं ओल जेथवर आली असेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी. कागद वाळला म्हणजे रंग राहतात, पण पाणी कोठवर आलें होतें हें सांगावयास कोणी राहत नाहीं. ही खूण विसरली, तर सुंदर रंगीत पट्टी हातांत राहील, पण तिच्यावरून एकही धारणांक काढतां येणार नाहीं.

आतां ती हकीकत. मी निवृत्त होण्यापूर्वीं कांहीं वर्षें, चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका परत दिल्यानंतरची ही गोष्ट. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर ५० पैकीं ३८ गुण दिसत होते. माझ्या गुणपुस्तकांत त्याच्या नांवापुढें ३३ होते. मी गुण इंग्रजी आंकड्यांत लिहीत असें, आणि त्या लिपींतील तिनाचा आठ करावयास डाव्या बाजूस दोन वळणें पुरतात, हें सर्वांस ठाऊक आहे. तीं दोन वळणें मूळ आंकड्याहून किंचित् फिकीं दिसत होतीं. मुलगा म्हणाला, “सर, तें तुम्हींच केलेलें आहे.” मला तसें आठवत नव्हतें.

माझ्या हातीं प्रयोगशाळा होती आणि प्रयोगाची हौसही होती. मी माझ्या काळ्या स्केचपेनचा ठिपका एका पट्टीवर दिला. नंतर ओल्या कुंचल्याचें टोंक उत्तरपत्रिकेवरील त्या डाव्या वळणांवर हलकेंच टेकवून जी शाई आली ती दुसऱ्या पट्टीवर, वाळवीत वाळवीत, चार-पांच वेळां एकाच जागीं उतरविली. दोन पट्ट्या दोन पेल्यांत ठेवल्या. पहिली पट्टी मी सावकाश काढली. दुसरी मात्र तासाची घंटा झाल्यामुळें घाईनें काढावी लागली. दोहोंवर पाण्याची खूण तेवढी केली होती.

दोन्ही पट्ट्या वाळल्यावर मी त्या शेजारीं शेजारीं ठेवल्या. माझ्या पेनच्या पट्टीवर निळा ठिपका रेघेपासून ८.१ सेंटिमीटरांवर, पिवळा ६.३ वर आणि तांबूस ३.६ वर होता. दुसऱ्या पट्टीवर निळा ५.९, पिवळा ४.५ आणि तांबूस २.६ वर. एकही अंतर दुसऱ्याशीं जुळत नव्हतें. मी निष्कर्ष काढला कीं शाई निराळी आहे, म्हणजे आंकडा दुसऱ्या कोणीतरी बदलला आहे. मुलाला बोलावून मी तसें सांगितलें आणि दुसऱ्या दिवशीं वडिलांस घेऊन येण्यास फर्माविलें. तो रडला नाहीं. पट्ट्यांकडे पाहत नुसता उभा राहिला. त्याचें तें उभें राहणें मला अद्याप आठवतें.

संध्याकाळीं घरीं त्या पट्ट्या वहींत चिकटवितांना माझी नजर पेन्सिलीच्या खुणांवर गेली. पहिल्या पट्टीवर पाणी ९.० सेंटिमीटर चढलें होतें. दुसऱ्या पट्टीवर केवळ ६.५. जें मुलांस वर्षानुवर्षें शिकविलें तेंच मी केलें नव्हतें. मीं भागाकार करावयास घेतला. पहिली पट्टी: ८.१ भागिले ९.० म्हणजे ०.९०, ६.३ भागिले ९.० म्हणजे ०.७०, ३.६ भागिले ९.० म्हणजे ०.४०. दुसरी पट्टी: ५.९ भागिले ६.५ म्हणजे ०.९१, ४.५ भागिले ६.५ म्हणजे ०.६९, २.६ भागिले ६.५ म्हणजे ०.४०. अंतरें सारीं वेगळीं, पण धारणांक जवळजवळ तेच. शंभरावा एक भाग इकडे-तिकडे होणें हा मोजपट्टीचा व डोळ्यांचा दोष आहे, ५.९ च्या जागीं ५.८५ वाचलें असतें तर तोही फरक मावळला असता. दुसऱ्या पट्टीचा अपराध इतकाच होता, कीं शाळेच्या घंटेमुळें तिची शर्यत मध्येंच थांबविली गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील येण्यापूर्वीं मी प्रयोग पुन्हां केला, आणि या वेळीं तो जसा करावयास हवा तसा केला. एकच रुंद कागद घेऊन एकाच रेघेवर तीन ठिपके दिले. पहिला माझ्या पेनचा, दुसरा उत्तरपत्रिकेवरील वळणांचा, आणि तिसरा त्या मुलाच्या दप्तरांतील काळ्या पेनचा. एकच कागद, एकच पाणी, एकच वेळ. त्यामुळें तिघांस न्याय सारखा. पाणी ८.० सेंटिमीटर चढल्यावर कागद काढला. पहिल्या दोन ठिपक्यांचे निळे ७.२ वर, पिवळे ५.६ वर आणि तांबूस ३.२ वर एका ओळींत आले. दुसऱ्याचे रंग फिके होते एवढेंच. धारणांक पुन्हां ०.९०, ०.७० व ०.४०. मुलाच्या पेनच्या ठिपक्यांतून निळा रंग ७.२ वरच आला, परंतु पिवळा व तांबूस यांचा पत्ता नव्हता, त्यांच्याऐवजीं ४.४ वर, म्हणजे ०.५५ या धारणांकावर, एक जांभळा ठिपका होता.

या कागदानें काय सिद्ध केलें आणि काय केलें नाहीं, हें नीट पाहणें अवश्य आहे. मुलाच्या पेनची शाई वळणांतील शाईहून वेगळी, हें निश्चित झालें. कारण एकाच कागदावर एकीचा जांभळा रंग दुसरींत नाहीं आणि दुसरीचे दोन रंग पहिलींत नाहींत. भिन्नता सिद्ध करण्यास असा एक स्पष्ट फरक पुरतो. वळणांची शाई आणि माझी शाई एकच आहे, असें मात्र मला त्याच खात्रीनें म्हणतां येत नव्हतें. मला एवढेंच म्हणतां येत होतें, कीं या कागदावर आणि पाण्यांत त्यांच्यांत फरक दिसत नाहीं. दोन निराळे रंग योगायोगानें एकाच धारणांकावर येऊं शकतात. मुलाच्या पेनांतील निळा आणि माझ्या पेनांतील निळा एका उंचीवर आले, म्हणून ते एकच द्रव्य आहेत असें ठरत नाहीं. अशा वेळीं पाण्याऐवजीं स्पिरिट व पाणी यांचें मिश्रण घेऊन प्रयोग पुन्हां करतात. लोंढा बदलला म्हणजे प्रत्येक रंगाची थांबण्याची संवयही बदलते, आणि पाण्यांत बरोबर चालणारे दोघे स्पिरिटांत फुटून निघण्याचा संभव असतो.

शिवाय शाई हात ओळखीत नाहीं. माझें पेन टेबलावर पडलेलें असे. तें कोणीही उचलून वापरूं शकला असता. तेव्हां मुलानें लिहिलें नाहीं, हें कागदानें सांगितलें नव्हतें. त्यानें एवढेंच सांगितलें होतें, कीं ज्या पुराव्यावर मी आळ घेतला तो पुरावाच अस्तित्वांत नाहीं. उरलेलें काम बेरजेनें केलें. उत्तरपत्रिका उघडून आंतील गुण मी पुन्हां मांडले, तेव्हां बेरीज ३८ आली. पुरवणींतील एका प्रश्नाचे ५ गुण पहिल्या बेरजेंत राहिले होते. पुढें तें लक्षांत येऊन मींच पत्रिकेवरील तिनाचा आठ केला, आणि गुणपुस्तकांत दुरुस्ती करण्यास विसरलों. बेरीज मी प्रथमच करावयास हवी होती. वडील आले तेव्हां मीं मुलासमक्ष त्यांची क्षमा मागितली आणि वर्गांतही तें सांगितलें.

पट्टीच्या साक्षीवर विसंबण्यापूर्वीं तिच्या आणखी दोन मर्यादा ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी, कीं जी शाई पाण्यांत विरघळतच नाहीं तिच्याबद्दल पाणी कांहीं सांगूं शकत नाहीं. बॉलपेनचा ठिपका पाण्यांत ठेवला तर जागचा हलत नाहीं आणि त्याचा धारणांक शून्य येतो. त्यावरून त्यांत एकच रंग आहे असें मानणें चूक. त्यास स्पिरिट हवें. कांहीं जेलपेनांच्या शाईंत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. ते स्पिरिटानेंही हलत नाहींत, आणि तेथें ही रीतच कुंठित होते.

दुसरी मर्यादा धारणांकाचीच आहे. ०.७० हा आंकडा त्या पिवळ्या रंगाच्या अंगावर कोरलेला नाहीं. कागदाची जात बदलली, पाण्यांत चिमूटभर मीठ घातलें, खोलीची उष्णता पालटली, तर तोच रंग निराळा धारणांक दाखवील. म्हणून कोष्टकांत छापलेला आंकडा पाहून रंगाची ओळख पटविणें धोक्याचें आहे. परिचित नमुना त्याच कागदावर शेजारीं चालविला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयोगांत ही सोबतच नव्हती, आणि नंतर धारणांक जुळले तेही दोन्ही पेल्यांतील पाणी व कागद एकाच प्रकारचे होते म्हणून.

ही रीत केवळ शाळेंतील करमणूक नव्हे. १९०३ सालीं वॉर्सा येथें मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें पानांतील हिरवे व पिवळे रंग खडूच्या भुकटीनें भरलेल्या कांचनळींतून वेगळे करण्याची रीत वर्णिली, आणि १९०६ सालीं तिला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, हें नांव दिलें. कागदावरील रीत १९४४ सालीं इंग्लंडांत कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनीं प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढें लोंकरींतील प्रथिनांचे घटक ओळखण्याचा प्रश्न होता. हे घटक रंगहीन असल्यामुळें कागदावर दिसत नाहींत. म्हणून कागद वाळल्यावर त्यावर निनहायड्रिन नांवाचें द्रव्य फवारून तो तापवीत, तेव्हां अदृश्य ठिपके जांभळे होऊन प्रकट होत. नांव वर्णलेखन असलें तरी रंग नसलेल्या द्रव्यांसही ही रीत लागूं पडते, ती अशी. या शास्त्राचा पाया असलेल्या १९४१ च्या संशोधनाबद्दल मार्टिन व सिंज यांस १९५२ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें मी वर्गांत चौथी स्लाइड दाखवूं लागलों तेव्हां तिच्याशेजारीं माझ्या त्या दोन पट्ट्या लावीत असें, आणि मुलांस विचारीत असें कीं या दोन शाया एक कीं निराळ्या. बहुतेक मुलें माझ्याप्रमाणेंच रंगांच्या उंचीकडे पाहून ‘निराळ्या’ म्हणत. मग एखादा मागच्या बांकावरचा मुलगा उठे आणि विचारी, “पण सर, पाणी कोठवर गेलें होतें?” तो प्रश्न आला म्हणजे मी स्लाइड बंद करीत असें, त्या दिवसाचा धडा तेथें पुरा होई.